‘अनलिमिटेड’ किती जीबीचं? लेखी सांगा

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण वाढलो इथेच. आज मी एका पत्राबद्दल बोलणार आहे. पत्र दीड पानाचं आहे आणि ते आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेने ब्रॉडबँड कंपनीला पाठवलं होतं. कंपनीचं नाव सांगणार नाही. नाव कळून तुम्हाला काही फायदा नाही, कारण तुमच्या घरी जी कंपनी असेल तिलाही हेच प्रश्न विचारावे लागतील.

आधी अभ्यासिका कशी आहे ते सांगतो. एक हॉल, तीस खुर्च्या, दोन पंखे चालू आणि एक कायम बिघडलेला. एमपीएससी, पोलीस भरती, नीट, बँकेच्या परीक्षा, सगळ्यांची मुलं-मुली एकत्र बसतात. संध्याकाळी पाच ते आठ मुलींची बॅच असते. आता क्लासचे व्हिडिओ, टेस्ट सिरीज सगळं ऑनलाइन असतं, आणि रोज तीन तास व्हिडिओ पाहता येईल इतका मोबाइल डेटा प्रत्येकाकडे नसतो. म्हणून ट्रस्टने ब्रॉडबँड घेतलं. बोर्डावर लिहिलं होतं: १०० एमबीपीएस, अनलिमिटेड, महिना ७९९ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४२ रुपये ८२ पैसे. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले. ते पैसे लोकांनी दहा-वीस रुपये करून जमवलेले होते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात नेट रांगायला लागलं. व्हिडिओ उघडेना, आणि एका मुलीची सराव परीक्षा अर्ध्यावर लटकली. व्यवस्था बघणाऱ्या चाचांनी कस्टमर केअरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, “सर, तुमचा प्लॅन अनलिमिटेड आहे. राउटर बंद करून चालू करा.” चाचांनी केला, काही फरक पडला नाही. ६ जुलैला नेट आपोआप सुधारलं. २४ जुलैला पुन्हा बसलं. ४ ऑगस्टच्या संध्याकाळी कंपनीचा माणूस आला, त्याने वायरचं टोक बदललं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेट झकास! चाचांनी त्याला बोलावून चहा पाजला. त्या वायरचा आणि नेट सुधारण्याचा काही संबंध नव्हता, हे आम्हाला दीड महिन्याने कळलं.

दरम्यान चाचांचा संशय मुलांवर गेला. “पोरं रात्री पिक्चर बघतात, म्हणून नेट संपतं,” असं कमिटीत ठरूनच गेलं. वायफायचा पासवर्ड बदलला. रात्रीची बॅच बंद करायची असा विषय निघाला. मुलींच्या बॅचमधल्या एक आपा मला फोनवर म्हणाल्या, “भाई, सकाळी आम्हाला विचारतात, काल कोण काय बघत होतं म्हणून. आम्ही नुसतं भूगोलाचं लेक्चर लावलं होतं.” मी खरं तर तिथूनच यात पडलो. कुणावर आरोप करण्याआधी आकडा हातात हवा, आणि इथे कुणाकडेच आकडा नव्हता.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मी इथे आलो. सगळ्यात आधी वायफाय बाजूला ठेवलं. लॅपटॉपला राउटरमधून सरळ वायर लावली, बाकी सगळ्यांना पाच मिनिटं नेट वापरू नका म्हणालो आणि वेग मोजला. दुपारी १.९ एमबीपीएस आला. रात्री साडेअकराला २.०. फजरनंतर, सगळा मोहल्ला झोपेत असताना, १.९.

हे तीन आकडे नीट पाहा, कारण यातच निदान आहे. लाइनवर गर्दी असेल तर वेग संध्याकाळी पडतो आणि पहाटे वर येतो. वायर खराब असेल तर वेग उड्या मारतो, कधी ४०, कधी ३, कधी लाइनच बंद. इथे मात्र चोवीस तास एकच आकडा होता, दोनच्या जरासा खाली. असा सपाट वेग गर्दीने येत नाही. कुणीतरी ठरवून दिला की येतो. कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या कनेक्शनपुढे वापराची मोजणी चालू असते. ठरलेले जीबी झाले की तिथे तुमच्या वेगाचा आकडा बदलतो, आणि नवा महिना सुरू झाला की तो परत वर जातो. राउटर दहा वेळा बंद-चालू करा, मोजणी तुमच्या हॉलमध्ये नाहीच, तिकडे आहे. याला ‘फेअर यूसेज पॉलिसी’ म्हणतात. सोप्या भाषेत, वापराची हद्द आणि हद्दीनंतरचा कमी वेग.

मग मी कागदावर हिशेब मांडला. साध्या क्वालिटीचा व्हिडिओ तासाला साधारण ०.६ जीबी खातो. तीस जण, प्रत्येकी तीन तास, म्हणजे दिवसाला नव्वद तास. नव्वद गुणिले ०.६ म्हणजे ५४ जीबी रोज. अठरा दिवसांत ९७२ जीबी होतात, आणि एकोणिसाव्या दिवशी हजार पार. कनेक्शन सुरू झालं होतं ६ जूनला. ६ जूनपासून एकोणिसावा दिवस कोणता? २४ जून. नेट बसलं तोच दिवस.

म्हणजे कुणीही पिक्चर बघितला नव्हता. नुसता अभ्यास करून तीस मुलं एकोणीस दिवसांत हजार जीबी संपवत होती. आणि हद्द संपली की मागे काय उरतं तेही मोजा. तासाला ०.६ जीबी म्हणजे सेकंदाला साधारण १.३ मेगाबिट. १०० एमबीपीएसवर असे पंचाहत्तर जण एका वेळी व्हिडिओ पाहू शकतात. २ एमबीपीएसवर एकच जण. बाकीच्या एकोणतीस जणांनी चक्राकडे बघत बसायचं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण इंजिनिअरसुद्धा यात फसतात. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसचं कनेक्शन सेकंदाला १२.५ मेगाबाइट आणतं, तासाला ४५ जीबी. याचा अर्थ हजार जीबीची हद्द पूर्ण वेगाने वापरली तर बावीस-तेवीस तासांत संपते. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो. महिन्यातले किती तास तो वेग मिळेल ते तिथे नसतं, आणि ते कळायला हद्दीचा आकडाच लागतो.

मी चाचांना हे सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “बेटा, तुझं गणित बरोबर असेल. पण कंपनीवाला स्वतः अनलिमिटेड म्हणतो ना?” चार-आठ दिवसांत वायरवाला आला, नेट सुधारलं, आणि माझं गणित खोटं पडल्यासारखं झालं. मग २३ ऑगस्टला नेट पुन्हा बसलं. त्या रात्री चाचांचा फोन आला, “तू म्हणतोस ते लिही. मी सही करतो.”

खरं तर जुलैत चाचांनी स्वतःच कंपनीला एक मेल पाठवला होता. त्यात लिहिलं होतं: आमचे इंटरनेट फार संथ चालते, मुलांचे नुकसान होते, कृपया योग्य ती कार्यवाही करावी. दोन दिवसांनी उत्तर आलं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं चूक नव्हतं. ‘संथ’ हा शब्द मोजता येत नाही. त्यांच्याकडच्या माणसाने स्क्रीनवर पाहिलं, कनेक्शन चालू आहे, तक्रार बंद केली. आपण कामाच्या ठिकाणी बग नोंदवतो ना, ‘ॲप नीट चालत नाही’ असं लिहिलं तर तो पहिल्या तासात बंद होतो. तसंच झालं.

म्हणून ऑगस्टच्या पत्रात ‘संथ’ हा शब्दच ठेवला नाही. रागही ठेवला नाही. चाचांना “फसवणूक” लिहायचं होतं, मी म्हटलं ते अपिलासाठी राखून ठेवू. हे माहिती मागणारं पत्र होतं आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आकडा, तारीख किंवा हो-नाही यातच यावं अशी रचना केली. पत्र वाचून दाखवतो. नावं आणि नंबर काढले आहेत.

“विषय: आमच्या कनेक्शनची डेटा मर्यादा आणि मर्यादेनंतरचा वेग यांची लेखी माहिती मिळणेबाबत.

महोदय, वरील ग्राहक क्रमांकाचे कनेक्शन ट्रस्टच्या नावे असून ६ जूनपासून सुरू आहे. तीन महिन्यांचे शुल्क आगाऊ भरले आहे, पावती सोबत जोडली आहे. २४ जून, २४ जुलै आणि २३ ऑगस्ट या दिवसांपासून वेग सुमारे २ एमबीपीएसवर स्थिर राहिला, आणि ६ जुलै व ५ ऑगस्ट रोजी तो पूर्ववत झाला. वायर जोडून केलेल्या मोजणीचे फोटो तारीख-वेळेसह जोडले आहेत. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी.

१. आमच्या प्लॅनचे नाव काय, आणि एका कालावधीत पूर्ण वेगाने किती जीबी वापरता येतात? एक जीबी म्हणजे १००० एमबी धरता की १०२४?

२. या मर्यादेत फक्त डाउनलोड मोजता की अपलोडही?

३. कालावधी कोणत्या तारखेला व किती वाजता सुरू होतो आणि संपतो? तीन महिन्यांच्या प्लॅनमध्ये मर्यादा दरमहा वेगळी आहे की एकत्र? उरलेला डेटा पुढे जातो का?

४. मर्यादा संपल्यावर डाउनलोडचा वेग किती एमबीपीएस, आणि अपलोडचा किती?

५. ६ जूनपासून आजपर्यंत आमचा रोजचा वापर किती नोंदला आहे, आणि मर्यादा कोणत्या तारखांना ओलांडली गेली?

६. वापर ५०, ९० आणि १०० टक्के झाल्याच्या सूचना कोणत्या मोबाइल क्रमांकावर किंवा ईमेलवर, कोणत्या तारखांना पाठवल्या?

७. मर्यादा संपल्यावर जादा डेटा विकत घेता येतो का? करासह किंमत किती? कालावधीच्या मध्येच प्लॅन बदलला तर मोजणी शून्यापासून सुरू होते का?

आपले उत्तर या ईमेलवर द्यावे. तक्रार क्रमांक एसएमएसने कळवावा.”

बस, एवढंच. आता यातल्या काही प्रश्नांमागचं कारण सांगतो.

पहिल्या प्रश्नातला १००० की १०२४ हा कीस काढणं नाही. जुलैत मी माझ्याकडे पडून असलेला एक राउटर अभ्यासिकेत लावला होता. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी आहे आणि वापर मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम. रोजचा वापर असा दिसतो:

```
vnstat -d
```

हा प्रोग्रॅम १०२४ च्या हिशेबाने दाखवतो. स्क्रीनवर GiB लिहिलेलं असतं, ती खूण लक्षात ठेवा. ५ ते २३ ऑगस्टची बेरीज आली ९३३. चाचा म्हणाले, “हजार तर झालेच नाहीत!” पण ९३३ ला १.०७४ ने गुणा, १००२ येतात. एवढ्या मोठ्या आकड्यावर दोन पद्धतींत सात टक्क्यांचा फरक पडतो. कंपनीचा आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही तर लगेच चोर-चोर ओरडू नका, आधी एकक बघा. (राउटरची वीज गेली की ही नोंद पुसली जाऊ शकते. मी ती पेन ड्राइव्हवर ठेवायची सोय केली होती, नाहीतर सोलापुरात महिनाभराची नोंद टिकणं कठीण आहे.)

दुसरा प्रश्न अपलोडचा. ९३३ मध्ये डाउनलोड होतं ८८९ आणि अपलोड ४४. नुसतं डाउनलोड धरलं तर हजार जीबीच्या हिशेबात ते ९५५ च्या आसपास येतं, म्हणजे हद्द गाठलीच नव्हती. तरी वेग पडला. त्यावरून मला अंदाज आला की कंपनी दोन्ही मोजते. पण अंदाज वेगळा आणि लेखी उत्तर वेगळं. घरात सीसीटीव्हीचं फुटेज बाहेर साठवत असाल किंवा फोनचे फोटो आपोआप वर चढत असतील, तर अपलोड तुमची हद्द न कळत खात असतो.

तिसरा प्रश्न तारखांचा, आणि आमचा सगळा गोंधळ इथेच होता. आपण ‘महिना’ म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर कॅलेंडर असतं. आमचा महिना तीस दिवसांचा निघाला. ६ जूनला सुरू झालेला ५ जुलैला संपला. पुढचा ६ जुलैला सुरू होऊन ४ ऑगस्टला संपला, कारण जुलैला एकतीस दिवस असतात. त्यापुढचा ५ ऑगस्टपासून. दर वेळी तारीख एखाद्या दिवसाने मागे सरकते, म्हणून नमुना कुणाच्या डोळ्यात भरला नाही. वायरवाला ४ ऑगस्टच्या संध्याकाळी आला होता. त्याच रात्री बारा वाजता नवा कालावधी सुरू झाला.

सहावा प्रश्न सूचनांचा. यामागे नियम आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांनी २०१२ मध्येच कंपन्यांना सांगितलं होतं की हद्द किती, हद्दीपर्यंतचा वेग किती आणि हद्दीनंतरचा वेग किती, हे जाहिरातीत आणि वेबसाइटवर स्पष्ट सांगा. ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशात आणखी दोन गोष्टी आल्या. वापर ५०, ९० आणि १०० टक्के झाला की ग्राहकाला कळवायचं, आणि फिक्स्ड ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग हद्दीनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही. तेव्हा ब्रॉडबँड म्हणजे किमान ५१२ केबीपीएस अशीच व्याख्या होती. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ही व्याख्या बदलली, आता किमान २ एमबीपीएस. म्हणून पत्रात मी आरोप करत नाही, वेगाचा आकडा मागतो. उत्तर २ च्या खाली आलं तर मग तुमच्या हातात पुढचा प्रश्न तयार असतो: याला तुम्ही ब्रॉडबँड कसं म्हणता?

पत्र मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीही दिलं. मराठीत लिहायला काही अडचण नाही, पण मेल वाचणारा माणूस कुठल्या शहरात बसलाय सांगता येत नाही, आणि आपल्याला त्याची परीक्षा घ्यायची नव्हती, उत्तर हवं होतं. मेलबरोबर एक प्रत स्थानिक ऑफिसात देऊन पोच घेतली. तक्रार क्रमांक आला.

तीन दिवसांनी उत्तर आलं: “आपला प्लॅन अनलिमिटेड असून त्यास फेअर यूसेज पॉलिसी लागू आहे. अधिक माहितीसाठी वेबसाइट पाहावी.” ऐकायला हे उत्तर वाटतं. यात एककासह एक तरी आकडा आहे का ते शोधा. जीबी नाही, एमबीपीएस नाही, तारीख नाही. सात प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. वेबसाइटवर प्लॅनची यादी होती, पण आमच्या पावतीवर प्लॅनचं नावच नव्हतं, नुसतं ‘मासिक शुल्क’. मग यादीतला कोणता प्लॅन आमचा?

इथे बहुतेक लोक सोडून देतात. पण ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांत दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. तिथे समाधान झालं नाही तर दुसरी पायरी, कंपनीचंच अपील प्राधिकरण. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, अपील तीस दिवसांच्या आत करायचं असतं आणि त्याचा निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यायचा असतो. आम्ही अपिलात नवीन काही लिहिलं नाही. तक्रार क्रमांक दिला, पत्र जोडलं, त्यांचं उत्तर जोडलं आणि एक ओळ लिहिली: वरील सात प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळालेले नाही, ते क्रमवार मिळावे. “फसवणूक” हा शब्द तेव्हाही लागला नाही. त्याच्याही पुढे ग्राहक आयोगाचा रस्ता असतो. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आम्हाला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

साधारण तीन आठवड्यांनी क्रमवार उत्तर आलं. हद्द १००० जीबी, एक जीबी १००० एमबीचा, डाउनलोड आणि अपलोड मिळून. कालावधी तीस दिवस, रात्री बारापासून. हद्द दर कालावधीला वेगळी, उरलेला डेटा पुढे जात नाही. हद्दीनंतर दोन्ही बाजूंनी २ एमबीपीएस. हद्द ओलांडल्याच्या तारखा: २४ जून, २४ जुलै, २३ ऑगस्ट. आमच्या वहीतल्याच तारखा.

आणि सूचना? सगळ्या सूचना वेळेवर गेल्या होत्या. ५० टक्के, ९० टक्के, १०० टक्के, तारखेसह यादी दिली होती. फक्त त्या ज्या मोबाइल नंबरवर गेल्या तो आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. चाचांनी नंबर वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. तो कनेक्शन जोडून देणाऱ्या स्थानिक एजंटचा नंबर होता. फॉर्म भरताना त्याने घाईत स्वतःचाच टाकला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “अहो, माझ्याकडे अशा शेकडो कनेक्शनचे मेसेज येतात, मी बघतो कुठे?” माणूस वाईट नव्हता. पण तीन महिने कंपनी आम्हाला नियमाप्रमाणे कळवत होती आणि आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो. तुम्ही आज घरी गेल्यावर एवढं एक तपासा, तुमच्या कनेक्शनला कुणाचा नंबर जोडलेला आहे.

एक इशाराही देतो. आमचं कनेक्शन ट्रस्टच्या नावावर होतं आणि वापर कशासाठी ते फॉर्मवर लिहिलेलं होतं. तुम्ही घरगुती कनेक्शन घेऊन चार शेजाऱ्यांना वाटत असाल, किंवा त्यावर सायबर कॅफे चालवत असाल, तर असं पत्र पाठवण्याआधी अटी वाचा. घरगुती प्लॅनच्या अटींत पुन्हा विकायला किंवा धंद्याला वापरायला सहसा मनाई असते, आणि रोजच्या वापराची यादी मागितली की तो वापर समोरच्याच्याही नजरेस येतो.

सातव्या प्रश्नाच्या उत्तरातून आमचा मार्ग निघाला. जादा डेटा विकत घेणं महाग पडत होतं. पण त्याच कंपनीचा ६० एमबीपीएसचा एक प्लॅन होता, हद्द ३३०० जीबी, महिन्याला पन्नास रुपये जास्त. कमिटीतले एकजण म्हणाले, “शंभरवरून साठवर? आणि पैसे जास्त?” मी फळ्यावर लिहिलं. तीस जण गुणिले १.३, म्हणजे एका वेळी ३९ एमबीपीएस लागतात. साठ पुरतात. महिन्याला ५४ गुणिले तीस, म्हणजे १६२० जीबी. ३३०० च्या निम्मे. शंभरचा वेग आम्ही कधी वापरतच नव्हतो, आम्हाला जीबी कमी पडत होते. बदल करताना नव्या कालावधीची सुरुवात पकडली, कारण मध्येच प्लॅन बदलला तर मोजणी शून्य होत नाही असं उत्तरात लिहिलं होतं.

रात्रीची बॅच चालू राहिली. चाचांनी मुलांना बोलावून काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पासवर्ड पुन्हा भिंतीवर लागला. त्याच्या शेजारी आता एक कागद असतो. त्यावर कालावधी सुरू झाल्याची तारीख, हद्द, हद्दीनंतरचा वेग, आणि दर शुक्रवारी किती जीबी झाले ते पेनने लिहिलेलं. हे लिहायचं काम त्या आपांनी स्वतःहून घेतलंय. सूचना आता त्यांच्या आणि चाचांच्या अशा दोघांच्या नंबरवर येतात. मागच्या महिन्यात पन्नास टक्क्यांचा मेसेज आला तेव्हा चाचांनी मला रात्री फोन केला, “बेटा, तीसातल्या तिसाव्या दिवशी पन्नास टक्के झाले. ठीक आहे ना?”

पत्राचा नमुना मराठी आणि इंग्रजीत बाहेर टेबलावर ठेवला आहे. तारखा आणि ग्राहक क्रमांक तुमचे घाला, आणि फोटो जोडायला विसरू नका. कुणाला मोजणी कशी करायची ते पाहायचं असेल तर माझ्याकडे लॅपटॉप आणि वायर आहे, या.